तव्याचा चटका आणि आकृतीतला मार्ग

गरम तव्याला बोट लागते आणि 'गरम आहे' हे लक्षात येण्याआधीच हात मागे आलेला असतो. या क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. तिच्यात संदेश ज्या वाटेने जातो आणि परत येतो ती वाट म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग, म्हणजेच रिफ्लेक्स आर्क. शालेय विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत या मार्गाची आकृती वारंवार येते. कधी भागांना नावे द्यायची असतात, कधी विस्कटलेले टप्पे क्रमाने लावायचे असतात, तर कधी बाणांची दिशा ओळखायची असते. बहुतेक विद्यार्थी नावांची यादी पाठ करतात. पुस्तकातली आकृती थोडी उलटी-सुलटी करून दिली, डावीकडचे उजवीकडे गेले, की पाठ केलेली यादी निरुपयोगी ठरते. आकृतीतच अशा काही खुणा असतात की त्या कळल्यावर यादीची गरज राहत नाही.

आकृतीच्या मध्यभागी मेरुरज्जूचा आडवा छेद असतो. पाठीच्या कण्यातून जाणारी ही चेतांची दोरी प्रौढ माणसात साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असते. काकडीच्या चकतीसारखा तिचा आडवा काप घेतला, की आत करड्या रंगाची फुलपाखरासारखी आकृती दिसते आणि तिच्याभोवती पांढरा भाग असतो. करड्या भागात चेतापेशींची मुख्य शरीरे, म्हणजे पेशीकाय, दाटीने असतात. पांढऱ्या भागात मेंदूकडे जाणारे आणि मेंदूकडून येणारे लांब तंतू असतात. या तंतूंभोवतीच्या स्निग्ध आवरणामुळे तो भाग पांढरा दिसतो.

पहिला प्रश्न दिशेचा असतो: या छेदात पाठीची बाजू कोणती आणि पोटाची कोणती? पुस्तकातल्या आकृतीत पाठीची बाजू बहुधा वर काढलेली असते, पण परीक्षेत तसे असेलच असे नाही. करड्या फुलपाखराचे पंख नीट पाहिले तर उत्तर मिळते. दोन पंख अरुंद असून जवळजवळ मेरुरज्जूच्या कडेपर्यंत पोहोचतात. ही पाठीकडची शिंगे होत. उरलेले दोन पंख रुंद व आखूड असून कडेपासून बरेच आत थांबतात. ती पोटाकडची शिंगे. हा फरक चित्रकाराच्या मर्जीचा नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी आकाराने मोठ्या असतात आणि त्या पोटाकडच्या शिंगात राहतात, त्यामुळे ते शिंग रुंद होते. पोटाच्या बाजूला मधोमध एक खोल खाच असते, पाठीच्या बाजूची खाच उथळ असते. आकृतीत शिंगांचा फरक स्पष्ट नसेल तर ही खाच पाहावी.

मेरुरज्जूच्या प्रत्येक बाजूने दोन मुळे बाहेर पडतात, एक पाठीकडचे आणि एक पोटाकडचे. थोड्या अंतरावर दोन्ही एकत्र येऊन मेरुचेता तयार होते. माणसात अशा मेरुचेतांच्या ३१ जोड्या असतात. आता आकृतीतली सर्वांत महत्त्वाची खूण येते. दोन मुळांपैकी एकावर फुगीर गाठ असते आणि ती नेहमी पाठीकडच्या मुळावरच असते. या गाठीला पृष्ठमूळ गुच्छिका म्हणतात. ही गाठ सापडली की आकृतीतले जवळजवळ सगळे उलगडते. जिच्यावर गाठ आहे ती आत येणारी वाट, म्हणजे संवेदी मार्ग. जिच्यावर गाठ नाही ती बाहेर जाणारी वाट, म्हणजे प्रेरक मार्ग. आकृती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी काढली, उभी केली किंवा आडवी केली तरी हा नियम बदलत नाही.

गाठ तिथेच का, हे समजले की ती विसरली जात नाही. संवेदी चेतापेशीचा पेशीकाय मेरुरज्जूच्या आत नसतो, बाहेरच्या या गाठीत असतो. त्वचेपासून आलेला एकच लांब तंतू या गाठीपाशी येतो, तिथे पेशीकाय त्याला बाजूला देठासारखा जोडलेला असतो आणि तंतू पुढे मेरुरज्जूत शिरतो. हजारो पेशीकाय एका जागी जमल्याने मूळ तिथे फुगते. प्रेरक चेतापेशीचे तसे नाही. तिचा पेशीकाय मेरुरज्जूच्या आत, पोटाकडच्या रुंद शिंगात असतो आणि बाहेर पडतो तो केवळ तिचा अक्षतंतू. म्हणून पोटाकडच्या मुळाला फुगायला काही कारणच नाही.

या गाठीचा प्रत्यय अनेक घरांत आलेला असतो, फक्त तिचे नाव ठाऊक नसते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो संवेदी चेतापेशींच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहतो. वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर तो एखाद्या गाठीत जागा होतो आणि त्या गाठीच्या तंतूंवरून त्वचेपर्यंत येतो. मग छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात आणि विलक्षण आग होते. हीच नागीण. फोडांचा पट्टा शरीराची मधली रेषा सहसा ओलांडत नाही, कारण प्रत्येक गाठ आपल्या बाजूच्या त्वचेचा ठरावीक पट्टाच सांभाळते. आणि मुख्य त्रास वेदनेचा होतो, कारण विषाणू ज्या पेशीत राहिला ती संवेदी आहे.

आता वाट क्रमाने चालता येईल. आकृतीत बोट गरम तव्याला टेकले आहे असे समजू. तव्याची उष्णता ही चेतना, म्हणजे उद्दीपन. ती मार्गाच्या आधी येते, मार्गाचा भाग नसते. क्रम विचारला तर चेतना सुरुवातीला लिहायला हरकत नाही, पण 'मार्गाचे घटक किती' असे विचारले तर तिला मोजायचे नसते. पहिला घटक म्हणजे ग्राही: बोटाच्या त्वचेतली उष्णता व वेदना टिपणारी चेतांची मोकळी टोके. त्वचेचे तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ही टोके जोमाने आवेग निर्माण करू लागतात. कोमट पाण्याने हात मागे ओढला जात नाही तो याच कारणाने.

तिथून आवेग संवेदी चेतापेशीच्या तंतूवरून मनगट, कोपर, खांदा ओलांडत मानेकडे येतो, मेरुचेतेतून पाठीकडच्या मुळात शिरतो, गाठीपाशी पोहोचतो आणि पुढे पाठीकडच्या अरुंद शिंगात संपतो. तिथे संवेदी चेतापेशीचे टोक आणि पुढची चेतापेशी यांच्यात अतिशय सूक्ष्म फट असते. तिला संपर्कस्थान म्हणतात. विद्युत आवेग ही फट सरळ ओलांडत नाही. टोकातून रसायन सुटते, ते पलीकडच्या पेशीवर पोहोचते आणि तिथे नवा आवेग सुरू होतो. या एका फटीत साधारण अर्धा मिलिसेकंद जातो. रसायन एकाच बाजूने सुटते, दुसऱ्या बाजूने सुटत नाही. बाणांची दिशा उलटी होऊ शकत नाही याचे खरे कारण ही फट आहे. १८९७ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी या जोडाला सायनॅप्स हे नाव दिले. पुढे १९३२ मध्ये चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

फटीपलीकडची पेशी म्हणजे सहयोगी चेतापेशी. ती पूर्णपणे करड्या भागातच राहते, बाहेर कुठेही जात नाही. आकृतीत अरुंद शिंगापासून रुंद शिंगापर्यंत जाणारी आखूड रेघ दिसली तर तीच ती. तिच्या टोकाशी दुसरी फट येते आणि तिच्यापुढे प्रेरक चेतापेशी असते. हिचा पेशीकाय रुंद शिंगात असतो आणि अक्षतंतू पोटाकडच्या मुळातून बाहेर पडून पुन्हा त्याच मेरुचेतेत शिरतो. म्हणजे जाणारी आणि येणारी वाट एकाच दोरीत शेजारी शेजारी असतात. आकृतीत मेरुचेतेवर रेघ ओढून नाव विचारले तर 'संवेदी चेता' किंवा 'प्रेरक चेता' हे उत्तर चुकते, कारण ती मिश्र चेता आहे. वेगळेपण फक्त मुळांत असते.

शेवटचा घटक म्हणजे कारक अंग, जे प्रत्यक्ष प्रतिसाद देते. इथे अनेक विद्यार्थी 'हात' किंवा 'बोट' असे लिहितात. हात हलतो हे खरे, पण त्याला हलवणारा दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू, म्हणजे बायसेप्स आणि त्याचे सोबती. म्हणून उत्तर स्नायू असेच हवे. काही प्रतिक्षिप्त क्रियांत स्नायूऐवजी ग्रंथी असते. जिभेला चिंच लागल्यावर लाळ सुटते तिथे कारक अंग लाळग्रंथी आहे आणि संदेशाची वाट मेरुरज्जूतून न जाता मेंदूच्या तळाच्या भागातून जाते.

या प्रवासाला किती वेळ लागतो, हे अंदाजे काढता येते. बोटाच्या टोकापासून मानेतल्या मेरुरज्जूपर्यंत प्रौढ माणसात साधारण एक मीटर अंतर धरू. तीव्र चटक्याचा संदेश नेणारे बारीक तंतू सेकंदाला साधारण १५ मीटर वेगाने आवेग नेतात, म्हणजे ६५ मिलिसेकंदांच्या आसपास. दोन फटींमध्ये मिळून एक मिलिसेकंद. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत ४० सेंटीमीटर अंतर आहे आणि जाड प्रेरक तंतूंचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर ८ मिलिसेकंद लागतात. सगळे मिळून पाऊण दशांश सेकंदाच्या आसपास, आणि त्यानंतर स्नायू आकुंचन पावायला थोडा वेळ. दिवा लागल्याचे पाहून मुद्दाम बटण दाबायला माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. मेंदूला विचारून निर्णय घ्यायचा असता तर बोट तव्यावर तेवढा वेळ अधिक राहिले असते.

मेंदूला काहीच कळत नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. आवेगाची एक शाखा मेरुरज्जूतल्या पुढच्या पेशींमार्फत पांढऱ्या भागातून वर मेंदूकडे जाते, म्हणूनच चटका बसल्याचे नंतर जाणवते. तिथेही दोन टप्पे अनुभवाला येतात. आधी झटकन टोचल्यासारखा चटका आणि थोड्या वेळाने पसरणारी जळजळ. ही दुसरी वेदना आणणारे तंतू सर्वांत बारीक, स्निग्ध आवरण नसलेले असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. आकृतीत वर जाणारा बाण दिसला तर तो मेंदूकडे जाणाऱ्या माहितीचा आहे. क्रमाच्या उत्तरात 'मेंदू' हा शब्द लिहिला की उत्तर चुकते, कारण हात मागे घेण्यासाठी त्याची गरज नसते. अठराव्या शतकात स्कॉटलंडचे वैद्य रॉबर्ट व्हिट यांनी बेडकावर हे दाखवले. डोके काढलेल्या बेडकाचा पाय चिमटा घेतल्यावर आखडतो, पण मेरुरज्जूही नष्ट केला की तो निश्चल राहतो.

परीक्षेत याच विषयाच्या शेजारी गुडघ्याचे उदाहरण येते आणि तिथे क्रम थोडा बदलतो. डॉक्टर पायाच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर रबरी हातोडीने ठोकतात आणि लोंबता पाय पुढे उडतो. ठोक्याने मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. इथे ग्राही त्वचेत नसून त्या स्नायूच्याच आत असतात. त्यांच्यापासून आलेली संवेदी चेतापेशी कमरेच्या भागातल्या मेरुरज्जूत सरळ प्रेरक चेतापेशीला भिडते, मध्ये सहयोगी चेतापेशी नसते. एकच फट असल्याने आणि तंतू जाड असल्याने हा प्रतिसाद फार जलद येतो. ठोक्यापासून स्नायूतली विद्युत हालचाल सुरू होण्यास साधारण २० मिलिसेकंद लागतात. सहयोगी पेशी इथे अजिबात नाही असे मात्र समजू नये. मांडीच्या मागच्या स्नायूला त्याच वेळी ढिले करणारी एक असते, पण ती मुख्य वाटेवर नसून बाजूच्या फाट्यावर असते. म्हणून क्रम लिहिण्याआधी आकृती कोणत्या क्रियेची आहे हे पाहावे. करड्या भागात दोन फटी दिसल्या तर सहयोगी चेतापेशी लिहायची, एकच दिसली तर नाही.

आकृती खरोखर समजली आहे का, हे नावे विचारून कळत नाही. ते कळते एका वेगळ्या प्रश्नाने. आकृतीत तीन जागी काट मारलेली असते आणि विचारलेले असते की त्या जागी चेता कापली तर काय होईल. पहिली काट पाठीकडच्या मुळावर आहे असे समजू. हा प्रश्न सोपा राहावा म्हणून हाताची सारी मुळे तशीच कापली आहेत असे धरू, कारण शेजारची मुळेही त्वचेचा काही भाग सांभाळतात. आता बोट तव्याला लागले तरी आवेग मेरुरज्जूत पोहोचत नाही. चटका जाणवणार नाही आणि हात आपोआप मागे येणार नाही. पण बाहेर जाणारी वाट शाबूत आहे, म्हणून तव्यावर हात असल्याचे डोळ्यांनी पाहून माणूस तो मुद्दाम उचलू शकतो.

दुसरी काट पोटाकडच्या मुळांवर. आता चटका पूर्ण जाणवतो, वेदना होते, माणूस ओरडतो, पण हात हलत नाही. आपोआपही नाही आणि ठरवूनही नाही, कारण स्नायूपर्यंत जाणारी एकमेव वाट बंद झाली आहे. तिसरी काट मेरुरज्जूवरच, पण या भागाच्या वर. इथे उत्तर सर्वांत अनपेक्षित येते. मेंदूचा संबंध तुटल्याने चटका जाणवत नाही आणि ठरवून हात उचलता येत नाही, तरीही खालची पूर्ण वाट शाबूत असल्याने हात झटकन मागे येऊ शकतो. अपघातात मेरुरज्जू तुटलेल्या रुग्णात सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेल्या किंवा नाहीशा असतात, पुढे त्या परततात आणि बऱ्याचदा पूर्वीपेक्षा जोरदार असतात. पायाला स्पर्श केल्यावर पाय आखडला की नातेवाइकांना तो बरा होत असल्याची आशा वाटते. ती हालचाल मेंदूच्या इच्छेने झाली की केवळ मेरुरज्जूने केली, हे डॉक्टर तपासूनच सांगू शकतात.

ही काट केवळ कागदावरची नाही. १८२२ साली फ्रान्सचे फ्रांस्वा माजांदी यांनी कुत्र्याच्या पिल्लांची मुळे प्रत्यक्ष कापून दोन्ही मुळांचे काम वेगळे असल्याचे दाखवले. त्याआधी १८११ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी मुळांवर प्रयोग करून पोटाकडच्या मुळाचा हालचालीशी संबंध असल्याचे सुचवले होते. म्हणून या नियमाला दोघांचीही नावे जोडली जातात.

आजारही याच जागा निवडतात. पोलिओचा विषाणू पोटाकडच्या रुंद शिंगातल्या प्रेरक चेतापेशी मारतो. त्यामुळे पाय लुळा पडतो, गुडघ्याचा झटका येत नाही, पण त्या पायाला स्पर्श व वेदना पूर्ण कळतात. दुसऱ्या काटेचे हे हुबेहूब उदाहरण. उलट कुष्ठरोगात आणि दीर्घकाळ अनियंत्रित मधुमेहात हातापायांच्या टोकांकडच्या संवेदी चेता निकामी होतात. गरम भांडे धरले तरी हात मागे ओढला जात नाही, चपलेतला खडा टोचत नाही, जखम चिघळेपर्यंत लक्षात येत नाही. अशा रुग्णांना रोज पाय डोळ्यांनी तपासायला सांगतात ते याचसाठी. आत येणारी वाट बंद असल्याने पहाऱ्याचे काम डोळ्यांवर येते.

आकृती स्वतः काढायची वेळ आली तर चुका ठरावीक जागी होतात. संपर्कस्थानाची फट न ठेवता दोन चेतापेशी सलग रेघेने जोडल्या जातात. ती फट दाखवलीच पाहिजे. प्रेरक चेतापेशीचा पेशीकाय बाहेर काढला जातो किंवा संवेदीचा आत. नावाची रेघ ज्या भागाला लावायची त्याच्या आधीच थांबते आणि मग नाव बरोबर असूनही ते कोणत्या भागाचे हे कळत नाही. बाण एका वाटेवर काढले जातात आणि दुसऱ्या वाटेवर राहून जातात. यातली बरीचशी चूक काढण्याच्या क्रमामुळे होते. विद्यार्थी बोट आणि तवा आधी काढतात, मग जागा संपते आणि मेरुरज्जू कोपऱ्यात दाबला जातो.

त्याऐवजी कागदाच्या एका बाजूला मेरुरज्जूचा मोठा छेद आधी काढावा, त्यात अरुंद आणि रुंद शिंगे नीट वेगळी दाखवावीत, मग पाठीकडच्या मुळावर गाठ काढावी. त्यानंतर आत येणारी रेघ गाठीतून अरुंद शिंगात, आखूड सहयोगी पेशी मध्ये आणि बाहेर जाणारी रेघ रुंद शिंगातून स्नायूकडे न्यावी. ग्राही आणि स्नायू शेवटी काढले तरी चालतात. प्रश्नपत्रिकेत छापील आकृती आली तर तिच्यातही सर्वांत आधी गाठ शोधावी आणि मगच पहिले नाव लिहावे.